एका फ्रेमचा भाव

वालूरच्या बारवेमागे राहणारा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा सुट्टीत माझ्या दुकानात आला. दोन-तीन वर्षांपूर्वी मीच जोडून दिलेला संगणक त्याच्याकडे होता: कोअर आय ५ १०४००एफ, सोळा जीबी रॅम आणि ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. जुनं ग्राफिक्स कार्ड बदलायला वडिलांनी २५,००० रुपये मंजूर केले होते. खेळ तीनच, व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि सायबरपंक २०७७. "काका, एका फ्रेमला सगळ्यात स्वस्त पडतं ते द्या," तो म्हणाला. हिशेब येणारं गिऱ्हाईक मला आवडतं. फक्त हा हिशेब दिसतो तेवढा सरळ नाही.

सूत्र सोपं आहे. कार्डाची किंमत घ्यायची आणि ते सेकंदाला सरासरी जितक्या फ्रेम दाखवतं त्या संख्येने भागायची. उत्तर येतं ते एका फ्रेमचं मोल. कमी आलं तर सौदा चांगला. पण कुठल्या फ्रेम मोजायच्या आणि कुठले रुपये धरायचे, हे सूत्र सांगत नाही.

कार्डांच्या किमती महिन्यागणिक हलतात आणि अंक वर्षभर वाचला जातो, म्हणून नावं न घेता तीन कार्डं मांडतो. हिशेब डोळ्यांना दिसावा म्हणून आकडेही गोल केले आहेत. पहिलं १५,००० रुपयांचं, दुसरं २१,०००चं, तिसरं २४,०००चं. तिसरं लगेच बाद झालं. त्याला लागणारी वीज मुलाच्या जुन्या एसएमपीएसला झेपणारी नव्हती, नवा घ्यायचा तर साडेतीन हजार आणखी, म्हणजे रक्कम २७,५०० वर. किंमत म्हणजे कार्ड चालू होईपर्यंतचा सगळा खर्च, हे बहुतेक जण विसरतात.

उरली दोन. दोन्ही त्याच संगणकात लावून, खेळाची सेटिंग तीच ठेवून मोजायची. जीटीए आणि सायबरपंकमध्ये स्वतःची चाचणी असते, ती तीन वेळा चालवून मधला आकडा घ्यायचा. व्हॅलोरंटमध्ये अशी चाचणी नाही. तिथे सरावाच्या मैदानावर एकच फेरी तशीच मारायची आणि खेळातच दिसणारा फ्रेमचा आकडा टिपायचा. डीएलएसएस किंवा एफएसआरने मधे घुसवलेल्या कृत्रिम फ्रेम मोजणीत धरायच्या नाहीत. त्या चित्र मऊ करतात, पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी करत नाहीत.

पहिल्या कार्डावर व्हॅलोरंट २००, जीटीए ७०, सायबरपंक ३०. दुसऱ्यावर २३०, १०० आणि ५८. साधी सरासरी काढली तर पहिल्याची १००, दुसऱ्याची सुमारे १२९. म्हणजे पहिलं १५० रुपये फ्रेम, दुसरं १६२. मुलाने इथेच वही मिटली असती.

घोळ असा की या सरासरीत व्हॅलोरंटचाच आवाज मोठा. हा खेळ हलका, त्याचे आकडे शेकड्यात. तिथे दहा टक्के फरक पडला की वीस फ्रेम हलतात. सायबरपंकमध्ये फ्रेम जवळपास दुप्पट झाल्या, तरी वाढ अठ्ठावीसचीच. म्हणून अशा तुलनेत गुणोत्तर मध्य घेतात. तिन्ही आकडे एकमेकांशी गुणायचे आणि घनमूळ काढायचं. मग प्रत्येक खेळाच्या टक्केवारीला सारखं वजन मिळतं. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत किंमत आणि खाली तीन खेळ लिहिले की एवढंच पुरतं:

```
=B1/GEOMEAN(B2:B4)
```

पहिल्याचा मध्य आला ७५, दुसऱ्याचा ११०. भाव २०० आणि १९१. दुसरं कार्ड स्वस्त ठरलं. किंमत तीच, मोजमाप तेच, निकाल उलटा.

पण मुलाचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही. सोयाबीन विकताना ओलावा कापून वजन धरतात, तसा ७५ वरचा भाग कापून पाहिला. (व्हॅलोरंटचे कसलेले खेळाडू इथे माझ्याशी भांडतील. जास्त फ्रेम असल्या की पडद्यावर येणारं चित्र जरा ताजं असतं, हे खरंच. पण त्या ताजेपणाला मी पूर्ण दाम देणार नाही.) आता पहिल्याचे आकडे ७५, ७०, ३० आणि मध्य ५४. दुसऱ्याचे ७५, ७५, ५८ आणि मध्य सुमारे ६९. भाव २७८ आणि ३०५. पुन्हा पहिलं पुढे!

मुलगा वैतागला. मी त्याला आणखी एक बाजू दाखवली. तो अख्खा संगणक नव्याने घेत असता आणि कार्ड सोडून बाकीला ४०,००० लागत असते, तर एकूण ५५,००० आणि ६१,०००. त्याच कापलेल्या फ्रेमने भागलं की पहिलं १,०१९ रुपये, दुसरं ८८६. बाकीचा खर्च अटळ असला की महाग कार्ड परवडायला लागतं. त्याचा संगणक घरात होताच, म्हणून हा हिशेब त्याला लागू नव्हता. मात्र नवा संगणक घेणारे निव्वळ कार्डाच्या भावावर निर्णय घेतात, तेव्हा हमखास फसतात.

या सगळ्यापेक्षा मला वरच्या पैशाचा हिशेब जास्त भरवशाचा वाटतो. दुसऱ्या कार्डाला सहा हजार जादा. त्यात व्हॅलोरंटमध्ये दिसण्यासारखं काही मिळत नाही, जीटीएत पाच फ्रेम, सायबरपंकमध्ये अठ्ठावीस. म्हणजे सहा हजार जवळजवळ एका खेळासाठीच. आणि तिथे ३० वरून ५८ म्हणजे गाडी वळवताना अडखळणारं चित्र सरळ वाहू लागतं. तो खेळ खरंच खेळणार का, एवढाच प्रश्न उरतो. तो म्हणाला, त्यासाठीच तर कार्ड घेतोय.

इतरांच्या चाचण्यांचे आकडे तसेच्या तसे का उचलायचे नाहीत, याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२२ च्या जानेवारीत आलेलं एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी. त्याला पीसीआयईच्या चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. नव्या ४.० बोर्डावर ते बरं चालतं. या मुलाचा १०४००एफ मात्र ३.० वरचा, तिथे त्या चार लेनची क्षमता निम्मी. खेळाचा माल ४ जीबीत मावेनासा झाला की तो रॅममधून त्याच अरुंद वाटेने आणावा लागतो, फ्रेम धाडकन पडतात आणि चित्र झटके खातं. बहुतेक चाचण्या तगड्या, नव्या संगणकावर होतात. तिथला भाव वालूरच्या जुन्या बोर्डावर टिकत नाही.

निघताना त्याने विचारलं, "पहिलं कार्ड घेऊन उरलेल्या दहा हजारांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर?" प्रश्न चोख होता, म्हणून तोही सोडवला. कापण्याची मर्यादा १४४ वर नेली की पहिल्याचा मध्य ६७ होतो. खर्च मात्र पूर्ण २५,०००, भाव ३७३. शिवाय सायबरपंक ३० वरच अडकलेलं. व्हॅलोरंटच खेळणाऱ्याला मी तोच सल्ला दिला असता. याने दुसरं कार्ड नेलं आणि उरलेल्या चार हजारांतून एसएसडी, कारण सायबरपंकच्या किमान गरजांमध्ये २०२३ पासून हार्ड डिस्क चालत नाही आणि त्याचा खेळ अजून तिच्यावरच होता.