रुग्ण होऊन पाहिलं तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची नागपूरहून तुमसरला आली, ती सोबत कागदी कार्डांचा एक गठ्ठा घेऊन. एमबीबीएस होऊन तिला दीड वर्ष झालं. ब्रिटनमध्ये काम करायचं तर तिथल्या मेडिकल कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो, आणि त्यासाठी ती ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, या परीक्षेची तयारी करत होती. वाचन, लेखन आणि ऐकणं यांची तिला भीती नव्हती. तिची गाडी अडत होती बोलण्यात. ती म्हणाली, "खाला, तुम्ही माझ्या रुग्ण व्हा."

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका. माझं इंग्रजी कामापुरतं. तिला तेच हवं होतं, कारण समोर डॉक्टर मैत्रीण बसली की ती न सांगितलेलंही समजून घेते.

परीक्षेत असे दोन रोल-प्ले असतात. प्रत्येक वेळी उमेदवाराच्या हाती एक कार्ड येतं. जागा कोणती, रुग्ण कोण, आणि डॉक्टरने काय काय करायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायला तीन मिनिटं आणि मग बोलायला सुमारे पाच मिनिटं. समोर प्रशिक्षित व्यक्ती रुग्ण होऊन बसते. तिच्या हातात वेगळं कार्ड असतं आणि त्यात रुग्णाच्या मनातली भीती लिहिलेली असते. ते कार्ड उमेदवाराला दिसत नाही. ती व्यक्ती गुणही देत नाही. बोलणं रेकॉर्ड होतं आणि परीक्षक ते नंतर ऐकतात. वैद्यकीय ज्ञानाला गुण नाहीत. गुण आहेत ते भाषेला आणि संवादाला: नातं जुळवलं का, रुग्णाची बाजू जाणून घेतली का, बोलण्याला क्रम होता का, प्रश्न नीट विचारले का, माहिती पेलेल एवढीच दिली का.

आम्ही घरीच एक कार्ड तयार केलं. पंचेचाळीस वर्षांची बाई. थकवा येतो, रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं. रक्ताचा रिपोर्ट आला आहे आणि तिला टाइप टू मधुमेह निघाला आहे. माझ्या कार्डावर मी गुपचूप एक ओळ लिहिली: "याच आजारात माझ्या वडिलांचा पाय कापावा लागला. हे मी आपणहून सांगणार नाही."

मोबाईलवर पाच मिनिटांची वेळ लावली. भाची सुरू झाली. तुमचं एचबीएवनसी 7.8 आहे, हा क्रॉनिक मेटाबॉलिक विकार आहे, यात इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, डोळे, किडनी आणि नसांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आपण मेटफॉर्मिन सुरू करू, आहार बदलू, व्यायाम करू, काळजीचं कारण नाही. इंग्रजी झकास होतं. शेवटी तिने विचारलं, "समजलं ना?" मी मान हलवली, "हो." घंटा वाजली.

"कसं झालं, खाला?"

मी माझं कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तिने ती ओळ वाचली आणि गप्प झाली. पाच मिनिटांत तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. 'नसा' हा शब्द ऐकल्यापासून मला फक्त तो कापलेला पाय दिसत होता. नाटकातली रुग्ण असूनही त्यापुढचं मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग मी तिला अब्बांची गोष्ट सांगितली. ती लहान होती तेव्हाची. अब्बांना महिनाभर खोकला होता. तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे, गोळ्या नियमित घ्या." अब्बांना पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं एवढंच ठाऊक. घरी येऊन ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, रिपोर्ट अच्छी है." गोळ्या त्यांना ताकदीच्या वाटल्या. दीड महिन्यात खोकला थांबला, तशा त्यांनी गोळ्याही थांबवल्या. टीबीचं औषध सहा महिने घ्यायचं असतं. पुढे आजार उलटला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्यांदा आठ महिन्यांचं औषध घ्यावं लागलं, त्यातले पहिले दोन महिने सुयाही होत्या. डॉक्टर खोटं बोलले नव्हते आणि अब्बा बेफिकीर नव्हते. एक शब्द दोघांनी दोन अर्थांनी घेतला होता, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भाची म्हणाली, "मग परत करू." मी म्हटलं, "करू, पण आधी इंग्रजीत नको. घरी बोलतो त्या हिंदी-उर्दूत कर." माझा अंदाज असा होता की तिची अडचण इंग्रजीची नाहीच. झालंही तसंच. घरच्या भाषेत सांगायला लागली तर ती दुसऱ्याच वाक्याला अडखळली. 'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला तिच्याकडे साधा शब्द नव्हता, कारण तो तिने कधी कुणाला समजावलाच नव्हता. इंग्रजीत ही उणीव झाकली जात होती.

आम्ही त्या एका शब्दापाशी अर्धा तास बसलो. शेवटी तिने असं मांडलं: "आपण खातो त्याची शरीरात साखर होते. ती रक्तातून सगळीकडे जाते. शरीराच्या प्रत्येक लहान खोलीला एक दार आहे आणि इन्सुलिन ही त्याची किल्ली. तुमच्याकडे किल्ली आहे, पण कुलूप घट्ट झालं आहे. म्हणून साखर आत न जाता रक्तातच राहते. खोलीला खुराक मिळत नाही म्हणून थकवा, आणि जास्तीची साखर शरीर लघवीतून बाहेर काढतं म्हणून रात्री उठावं लागतं." रुग्णाचा त्रास आणि आजाराचं कारण एकाच धाग्यात आले. मला हे लगेच पटलं, कारण माझ्या थकव्याला आता अर्थ होता.

मग तीच गोष्ट इंग्रजीत, नवी वेळ लावून. या वेळी तिने प्रश्नाने सुरुवात केली. "रिपोर्टबद्दल बोलण्याआधी मला सांगा, हे काय असेल असं तुम्हाला वाटतं?" मी म्हटलं, "शुगर तर नसेल ना?" ती थांबली. मग एकच वाक्य: "हो, रिपोर्टमध्ये शुगरच निघाली आहे." आणि पुन्हा थांबली. मी तिला हेच सांगून ठेवलं होतं की निदानाच्या वाक्यानंतर मनात तीनपर्यंत मोजायचं. परीक्षेच्या घाईत ती शांतता फार लांब वाटते, पण रुग्ण बोलू लागतो तो याच जागी. मी डोळे खाली केले. तिने विचारलं, "हे ऐकून तुमच्या मनात सगळ्यात आधी काय आलं?"

आता मला बोलावंच लागलं. "अब्बांचा पाय."

पहिल्या वेळी ती इथे "काळजी करू नका" म्हणाली असती. त्या वाक्याने भीती जात नाही. बोलणारा फक्त गप्प बसतो. या वेळी ती म्हणाली, "घरात असं पाहिल्यावर भीती वाटणारच. त्यांची शुगर किती वर्षांनी कळली होती?" मी म्हटलं, पायाला जखम झाली तेव्हाच. "म्हणजे बरीच वर्षं औषधाविना गेली. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाची जाणीव कमी होते, जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. तुमची आत्ताच कळली आहे. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा असतो. 6.5 किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह म्हणतात. तुमचा 7.8 आहे. तो खाली आणता येतो. आणि रोज रात्री पाय धुताना तळवे पाहायचे, एवढं आजपासून करायचं."

मी मुद्दाम अडवलं: "सुया घ्याव्या लागतील?" इथे खोटं वचन देण्याचा मोह होतो. ती म्हणाली, "आत्ता नाही. गोळीने सुरुवात करू, जेवणासोबत घ्यायची. पहिले काही दिवस पोट बिघडू शकतं, तसं झालं तर बंद न करता मला कळवा. पुढे कधी इन्सुलिन लागलं तर ते बोलून ठरवू." मग मी आमच्या जिल्ह्याचा खरा प्रश्न विचारला: "भात सोडायचा?" भाताच्या मुलखात हा प्रश्न येणारच. "सोडायचा नाही. ताटात भाताचा डोंगर असतो, तो वाटीभर करा. उरलेल्या जागी भाजी आणि डाळ."

"समजलं ना?" हा प्रश्न तिने टाळला. त्याला जगात एकच उत्तर आहे, ते म्हणजे हो. त्याऐवजी ती म्हणाली, "मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचं आहे. आज रात्री घरच्यांना तुम्ही हे कसं सांगाल?" परीक्षा यात तिची होते, रुग्णाची नाही. मी सांगू लागले आणि गोळीपाशी चुकले, जेवणाआधी म्हणाले. तिने तेवढंच दुरुस्त केलं. वेळ संपली तेव्हा व्यायामाचा मुद्दा उरला होता. तिला हळहळ वाटली. मी म्हटलं, पहिल्या वेळी सगळे मुद्दे झाले होते, आणि मी काहीच घेऊन गेले नव्हते.

पुढच्या चार दिवसांत आम्ही दहाएक कार्डं केली. त्यात एक उलटी चूकही दिसली. सोपं बोलायच्या नादात ती मोठ्या माणसाशी बाळासारखं बोलू लागली. सोपे करायचे ते शब्द. समोरच्याची अक्कल कमी धरली की तो दुखावतो. आणि पाठ केलेलं सहानुभूतीचं वाक्य चौथ्यांदा आलं की ते कानाला टोचतं. रुग्ण आत्ता जे बोलला त्यातलाच एखादा शब्द उचलून पुढे गेलं की ते खरं वाटतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती अम्मींजवळ बसली होती. अम्मींना दोन वर्षांपासून बीपीची गोळी आहे. सवयीने तिने विचारलं, "नानी, ही गोळी कशासाठी आणि कधी घेता, ते मला सांगा ना."

अम्मी म्हणाल्या, "बीपीची. डोकं दुखलं की घेते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून ती गोळी रोज घ्यायची असते. दोन वर्षांत डॉक्टरांनी विचारलं होतं आणि मीही दर महिन्याला गोळ्या आणून देताना विचारलं होतं, "समजलं ना?" अम्मी दर वेळी हो म्हणाल्या होत्या.