सुई कधी लागते?

"आपा, हे इक्सी काय असतं? खर्चात वेगळं लावलंय." धाकट्या बहिणीनं कागद पुढे केला. तिच्या दोन्ही नळ्या बंद, म्हणून आयव्हीएफ. तिच्या मियाँचा रिपोर्ट मात्र उत्तम: एका मिलिलिटरमध्ये ४ कोटी ८० लाख शुक्राणू, निम्म्याहून जास्त हलणारे.

साध्या पद्धतीत बशीत स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्राणू सोडतात. आत कोण शिरणार ते त्यांचं तेच ठरतं. इक्सीत तंत्रज्ञ एकच शुक्राणू निवडून काचेच्या बारीक सुईनं बीजात सोडतो. शुक्राणू फारच कमी किंवा मंद असतील, वृषणातून काढावे लागले असतील, किंवा मागच्या खेपेला एकही बीज फळलं नसेल, तर ही सुई खरोखर लागते. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी यातून राहिलेले पहिले गर्भ जाहीर केले, तेही पुरुषातल्या दोषासाठीच.

नळ्या बंद असण्याशी सुईचा काय संबंध? डॉक्टर म्हणाले, "एकही बीज फळलं नाही तर?" भीती खोटी नव्हती, तसं क्वचित होतं. पण व्हिएतनाममध्ये शुक्राणू ठीक असलेल्या हजारावर जोडप्यांची तुलना झाली, २०२१ मध्ये छापून आली; मूल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मी तेच त्यांच्यापुढे ठेवलं. जरा नाराजीनंच त्यांनी इक्सी खोडलं.

रात्रभर बहीण मुसल्ल्यावर. सकाळी लॅबचा फोन आला: नऊपैकी सहा बीजांत दोन केंद्रकं दिसतायत. म्हणजे फळली होती.