दरपत्रकानंतरचे मौन

परदेशात नोकरी सांभाळून किंवा नोकरी सोडून स्वतःचा लहानसा व्यवसाय करणारी कुटुंबे आता आपल्यातही बरीच आहेत. कोणी हिशेब लिहून देतात, कोणी घरदुरुस्तीची कामे घेतात, कोणी समारंभाचे जेवण पुरवतात. आम्ही उभयता इंग्लंडच्या मध्यभागातील एका शहरात राहून लहान व्यापाऱ्यांसाठी संगणक-प्रणाली तयार करतो. कामे निराळी असली तरी एक अनुभव सर्वांना सारखाच येतो. ग्राहक उत्साहाने चौकशी करतो, दोन-तीन भेटी होतात, तो दरपत्रक मागतो, आपण रात्री जागून ते तयार करून पाठवतो. आणि त्यानंतर काहीच घडत नाही. होकार येत नाही, नकारही येत नाही.

अशा वेळी जो संदेश लिहावयाचा, तो कसा असावा याविषयी आम्हांला येथे सांगावयाचे आहे. आमच्या मते त्या संदेशाचे काम होकार मिळवणे हे नसून उत्तर मिळवणे हे आहे. हा भेद मनात स्पष्ट असला की शब्द आपोआप बदलतात.

एक उदाहरण घेऊ. मसाले आणि कडधान्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या दोन भावांनी आम्हांला त्यांच्या गोदामात बोलावले. सुमारे १,४०० वस्तूंची नोंद ते एक्सेलच्या तक्त्यात ठेवीत असत. माल संपल्याचे ग्राहकाची मागणी आल्यावरच कळे. बारकोड वाचून साठा आपोआप नोंदला जावा आणि विक्रीचे आकडे त्यांच्या हिशेबाच्या प्रणालीत थेट जावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. ३ मार्च रोजी आम्ही ८,४०० पौंडांचे दरपत्रक पाठवले. त्यात तीन टप्पे होते: कामाची पाहणी आणि आराखडा १,२०० पौंड, साठा व बारकोड ५,२०० पौंड, हिशेबाची जोडणी २,००० पौंड. दर २ एप्रिलपर्यंत ग्राह्य होते आणि काम १३ एप्रिलला सुरू होऊन सहा आठवड्यांत संपावयाचे होते.

धाकट्या भावाने त्याच दिवशी ‘मिळाले, धन्यवाद’ एवढे कळवले. पुढे शांतता. सहा कामाचे दिवस गेल्यावर, ११ मार्चला, आम्ही दोन ओळींचा संदेश पाठवला: दरपत्रकातील एखादी बाब समजावून हवी आहे काय? त्यालाही उत्तर आले नाही. दरम्यान एका दंतवैद्यांच्या दवाखान्याकडून त्याच सहा आठवड्यांसाठी विचारणा आली. त्यांना २७ मार्चपर्यंत निश्चित सांगणे भाग होते. दोघांच्या लहानशा व्यवसायात सहा आठवडे रिकामे जाणे म्हणजे दीड महिन्याचे घरभाडे आणि पाळणाघराचे शुल्क शिलकीतून भरणे होय.

मौन म्हणजे संमती, असे आपण सहज बोलून जातो. इंग्लंडचा कायदा नेमके उलट सांगतो. १८६२ मधील फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला येथे करारविषयक कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. एका काकाने पुतण्याला घोड्याची किंमत देऊ करून लिहिले की, पुढे काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. लिलावात तो घोडा चुकून विकला गेला, तेव्हा काकाने लिलाव करणाऱ्यावर दावा लावला आणि तो हरला; कारण उत्तर न देणाऱ्यावर सौदा लादता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. याचा व्यवहारातील अर्थ असा की ‘उत्तर न आल्यास काम सुरू करू’ असे लिहून काहीही साधत नाही. मात्र ‘उत्तर न आल्यास राखून ठेवलेला वेळ मोकळा करू’ असे लिहिता येते, कारण तो वेळ आपला असतो.

गुरुवार, १९ मार्च रोजी आम्ही जो संदेश पाठवला, तो इंग्रजीत होता. त्याचा आशय मराठीत असा:

‘नमस्कार. ३ मार्च रोजी आम्ही आपणांस साठा-नोंदीच्या प्रणालीचे ८,४०० पौंडांचे दरपत्रक पाठवले होते. ते सोबत पुन्हा जोडले आहे. १३ एप्रिलपासूनचे सहा आठवडे आम्ही आपल्या कामासाठी राखून ठेवले आहेत. त्याच आठवड्यांसाठी आमच्याकडे दुसरी विचारणा आली असून तिला २७ मार्चला उत्तर द्यावयाचे आहे. म्हणून गुरुवार, २६ मार्चपर्यंत आपला विचार कळवाल का? होय, नको, नंतर पाहू, किंवा काम कमी करून हवे, यांपैकी एवढेच लिहिले तरी पुरेसे आहे. नको असल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही. २६ पर्यंत काही कळले नाही तर आम्ही ते आठवडे मोकळे करू. दर मात्र ठरल्याप्रमाणे २ एप्रिलपर्यंत कायम राहतील. केवळ सुरुवातीची तारीख नव्याने ठरवावी लागेल.’

यातील काही गोष्टींमागील कारणे सांगणे उपयुक्त ठरेल. संदेश आम्ही जुन्याच पत्रव्यवहाराला जोडून पाठवला आणि दरपत्रक पुन्हा जोडले. लहान व्यवसायात आपल्याशी बोलणारा माणूस आणि पैसे मंजूर करणारा माणूस पुष्कळदा वेगवेगळे असतात. तारीख, रक्कम आणि दरपत्रक एकाच ठिकाणी असले की तो संदेश जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. वारही विचार करून निवडला होता. सोमवारी त्यांच्याकडे माल उतरत असे आणि शुक्रवारी दुपारी गाड्या भरल्या जात. त्या गडबडीत आलेले पत्र वाचून बाजूला ठेवले जाते आणि तेथेच राहते.

‘आपण विसरलात वाटते’ किंवा ‘आमच्या आधीच्या पत्राला उत्तर आले नाही’ अशी वाक्ये आम्ही कटाक्षाने टाळतो. ती खरी असली तरी वाचणाऱ्याला प्रथम क्षमा मागावयास लावतात, आणि क्षमा मागण्याचा संकोच हेच पुष्कळदा पुढील मौनाचे कारण होते. नकाराची वाट मोकळी ठेवण्याचे कारणही हेच. ज्याला किंमत परवडत नाही, तो ते सांगण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करतो. कारण विचारले जाणार नाही, असे आधीच लिहिले की त्याची सुटका होते, आणि आपलीही.

पत्र उघडले गेले की नाही हे सांगणारी साधने मिळतात. पण त्यांवर विसंबून संदेश लिहू नये. ती पत्रात दडवलेल्या एका सूक्ष्म चित्रावर चालतात. चित्र मागवले गेले म्हणजे पत्र वाचले गेले, असे ती मानतात. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून असलेली गोपनीयतेची सोय वापरात असल्यास अशी चित्रे वाचकाने पत्र उघडले नसतानाही आधीच मागवली जातात; उलट काही कार्यालयांत ती मुळातच अडवली जातात. शिवाय ‘आपण दरपत्रक तीनदा पाहिलेत’ असे कोणी आपल्याला लिहिले तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार केलेला बरा.

मुदतीचे कारण खरेच असले पाहिजे. दुसरी विचारणा आली नसेल तर ती आल्याचे लिहू नये. ‘आमचे एप्रिलचे वेळापत्रक २७ मार्चला ठरवावयाचे आहे’ एवढे सत्य पुरते. आणि न मागता सवलत देऊ नये. मौनाला उत्तर म्हणून ८,४०० चे ७,४०० केले की पहिला आकडा फुगवलेला होता, असे ग्राहकाने समजावे यात नवल नाही. खर्च कमी करावयाचा असेल तर काम कमी करावे. म्हणूनच संदेशात ‘काम कमी करून हवे’ हा पर्याय ठेवला होता, आणि दरपत्रकातील तीन टप्प्यांच्या निराळ्या रकमा तेथे उपयोगी पडल्या.

२३ मार्चला उत्तर आले, तेही थोरल्या भावाचे. दरपत्रक त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले होते. धाकट्याला एकूण रकमेची धास्ती वाटल्याने ते त्याच्यापाशीच राहिले होते. थोरल्यांनी लिहिले की, एवढा खर्च या क्षणी शक्य नाही. पहिला टप्पा मात्र करून घेऊ, पुढचे नंतर पाहू. आम्ही आभार मानून मे महिन्यातील सहा दिवस त्यांना दिले आणि एप्रिलचे आठवडे दंतवैद्यांच्या कामाला लावले. ८,४०० पौंडांच्या जागी १,२०० आले. पण सहा आठवडे वाया गेले नाहीत.

उत्तर आलेच नसते तर ३१ मार्चला आम्ही तिसरा आणि शेवटचा संदेश पाठविला असता: ‘आपल्याकडून काही कळले नसल्याने हे प्रकरण आम्ही आमच्या बाजूने बंद करीत आहोत. दर २ एप्रिलनंतर लागू राहणार नाहीत. पुढे गरज भासल्यास अवश्य लिहावे. त्या वेळी नवे दरपत्रक देऊ.’ यात राग नसावा आणि प्रश्नही नसावा. त्यानंतर खरोखरच पुन्हा लिहू नये. चौथे पत्र गेले की तिसऱ्यातील शब्दाला किंमत उरत नाही.

ग्राहक आपल्याच परिचयातील असला की संकोच दुप्पट होतो. ज्यांना आपण काका म्हणतो, त्यांना पैशाबद्दल कसे विचारावे? येथेही पद्धत तीच, भाषा मात्र घरची. ‘जयभीम काका. दुकानाच्या संकेतस्थळाचा खर्च मागच्या महिन्यात पाठवला होता. करायचे असेल तर मेमध्ये करू, नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा; आपल्यात त्याने काही फरक पडणार नाही. रविवारपर्यंत कळवलेत तर मला पुढची कामे लावता येतील.’ हा संदेश त्यांना एकट्यालाच पाठवावा, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कधीही नाही. आणि जयंतीच्या कार्यक्रमात भेट झाली तर चार लोकांसमोर तो विषय काढू नये. तेथे मिळालेला होकार बहुधा भिडेचा असतो, आणि तो पुढे पुन्हा मौनात जातो.