रात्रीचा रवंथ



दिवा मालवून अंथरुणावर पाठ टेकावी आणि नेमक्या त्याच वेळी दिवसाचे एखादे वाक्य कानाशी येऊन बसावे, असे तुमचेही होत असेल. सुनेला आपण काय बोललो, दिंडीतल्या माणसाने आपल्याला काय ऐकवले, त्यावर आपण काय म्हणायला हवे होते. दिवसभर हे वाक्य कुठे दडलेले असते कोण जाणे! दिवसा हाताला काम असते, कानावर माणसांचा आवाज असतो, म्हणून त्याला जागा मिळत नाही. अंधार पडला की सगळे घर त्याचेच. माझी काही वर्षे या वाक्यांनी खाल्ली आहेत. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट ११ वर्षांपूर्वीची. एका गावी सप्ताहाच्या सांगतेला काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. चैत्राचे ऊन, वर पत्र्याचा मांडव. मृदंगाच्या डाव्या अंगाची कणीक वाळली आणि धुमाचा आवाज बसला. मृदंगावर जे बुवा होते, त्यांनी २० वर्षे माझ्या मागे साथ केलेली. मी रंगात आलो होतो, आवाज पडलेला मला सोसवला नाही. माईकवरून बोलून गेलो, "बुवा, कणीक घरी पोळ्यांनाच संपली वाटतं!" मांडव हसला. बुवा खाली मान घालून कणकेला पाणी लावत राहिले. त्यांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती, माउली. ठाऊक असून बोललो.

त्या रात्रीपासून हे वाक्य माझ्या उशाला आले. 'मी असा कसा बोललो? माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा उपयोग काय? लोक काय म्हणत असतील?' असे प्रश्न एकामागून एक येत. मग मी मनात तो प्रसंग पुन्हा उभा करी आणि वाक्य बदलून पाही. कधी बुवांची क्षमा मागे, कधी बुवाच मला चार शब्द सुनावत, कधी मी माझीच बाजू मांडत बसे. एक वाजे, दोन वाजत.

मी मनाशी समजत होतो की हा अनुताप आहे. अनुतापाला आपल्या परंपरेत मोठी जागा आहे, म्हणून मी त्याला हाकललेही नाही. पण अनुताप माणसाला उठवून काहीतरी करायला लावतो. मी तर दोन वर्षे अंथरुणातच होतो आणि बुवांच्या घराकडे माझे पाऊल एकदाही वळले नव्हते. हा रवंथ होता. गाय रवंथ करते तेव्हा चारा बारीक होतो, पचतो, त्याचे दूध होते. आपण करतो त्या रवंथात चारा आहे तसाच राहतो, फक्त दात झिजतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाव तास विचार करून उद्या करायचे एखादे काम हाती लागले, तर ते चिंतन. पाव तासाने तुम्ही त्याच प्रश्नाशी उभे असाल, आणि तो प्रश्न 'मी असा कसा' या जातीचा असेल, तर तो रवंथ.

पहिला उपाय मी केला तो दटावण्याचा. 'आता हा विचार नको' असे मनाला बजावले की तो दुप्पट जोराने येई. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी मला याचे कारण सांगितले. अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८७ साली काही माणसांना सांगितले की पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणू नका. त्या माणसांना अस्वल सोडवेना, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर ते अधिकच येऊ लागले. विचार आला की नाही हे पाहण्यासाठी मनाला पहारेकरी बसवावा लागतो, आणि तो पहारेकरीच विचाराला हाक मारतो.

दुसरा उपाय हरिपाठाचा. अंथरुणावर पडून मनात म्हणू लागलो. पण ६० वर्षांच्या पाठांतराला लक्ष लागत नाही. ओठ हरिपाठ म्हणत आणि मन त्याच मांडवात जाऊन बसे. यात नामाला बोल नाही. सवयीने आपोआप होणाऱ्या उच्चाराखाली दुसऱ्या विचाराला जागा उरते, एवढेच.

शेवटी डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांतली मधली मी माझ्या पद्धतीने वळवून घेतली.

पहिली गोष्ट वहीची. सायंकाळचा हरिपाठ झाला की, झोपण्याच्या निदान दोन तास आधी, अंथरुणापासून दूर बसायचे आणि पाव तास लिहायचे. त्याहून जास्त नाही. टोचणाऱ्या एकाच प्रसंगाविषयी तीन नोंदी करायच्या. पहिली, प्रत्यक्ष काय घडले. मी लिहिले, 'काल्याच्या दिवशी माईकवरून बुवांच्या घरच्या कणकेची थट्टा केली. लोक हसले. बुवा हसले नाहीत.' आधी मी लिहिले होते 'मी अहंकारी आहे', ते खोडले. तो निवाडा झाला, आणि निवाड्यावर करण्यासारखे काही नसते. दुसरी नोंद, माझ्या हातात काय आहे. क्षमा मागणे माझ्या हातात. बुवांनी ती करावी की नाही आणि गाव काय म्हणेल, हे माझ्या हातात नाही. तिसरी नोंद, पुढचे पाऊल, वार आणि वेळेसह. 'गुरुवारी सकाळी १० च्या एसटीने बुवांच्या गावी जाणे. स्वतःची बाजू न मांडता चूक कबूल करणे.' मग वही मिटायची. रात्री वाक्य आले की त्याला एवढेच म्हणायचे, 'तुझे वहीत लिहिले आहे, गुरुवारी पाहू.'

लिहिल्याने फरक पडतो याची एक छोटी परीक्षाही झालेली आहे. २०१८ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ तरुण होते. झोपण्यापूर्वी ५ मिनिटे काहींनी पुढे करायची कामे लिहिली, काहींनी झालेली कामे लिहिली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटे लवकर झोप लागली. माणसे थोडी आणि तरुण होती, म्हणून त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण मनाला राहिलेले काम टोचते आणि ते कुठेतरी नोंदले गेले की मन हात सैल करते, हा माझाही अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अंथरुणावरची. डॉक्टर म्हणाले, हे विचार शब्दांनी चालतात, तेव्हा मनाला शब्दांऐवजी चित्रे द्या. चित्रे सौम्य हवीत, थोडे लक्ष मागणारी हवीत, पण त्यांत जिंकण्याहरण्यासारखे काही नको. मी म्हटले, माझ्याकडे वारी आहे. तेव्हापासून मी डोळे मिटून आळंदीहून निघतो. पुण्याचा मुक्काम, मग दिवे घाटाची चढण, डावीउजवीकडे काय दिसते, पायाखालची सडक कशी आहे, पुढच्या वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका कशी हलते. सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, तरडगाव, फलटण. प्रत्येक ठिकाणी एखादी लहान गोष्ट नीट पाहायची, तुळशीवृंदावन, पाण्याचा टँकर, कढईतली वाफ. मध्येच मन मांडवात पळाले तर रागवायचे नाही, जिथून सुटले त्या मुक्कामावरून पुन्हा चालू लागायचे. पहिल्या रात्री दहादा सुटले. आता लोणंद क्वचितच येते. तुम्ही वारी केली नसेल तर शेताची वाट घ्या, माहेरचे घर खोलीखोलीने फिरा. फक्त ज्या जागी भांडण झाले ती जागा घेऊ नका.

तिसरी गोष्ट कठीण आहे. अंदाजे २० मिनिटे झाली आणि झोप येत नाही असे वाटले की उठायचे. घड्याळ पाहायचे नाही, ते भिंतीकडे वळवून ठेवायचे, कारण किती वाजले हे कळले की आणखी एक काळजी वाढते. दुसऱ्या जागी मंद उजेडात बसायचे, वाती वळायच्या किंवा एखादे साधे पान वाचायचे. मोबाइल नको. डोळे जड झाले की परत यायचे, आणि पुन्हा तसेच झाले तर पुन्हा उठायचे. रोज तिथेच पडून विचार केला की अंथरूण म्हणजे आपली कोर्टकचेरी होऊन बसते, पाठ टेकली की खटला सुरू. ती ओळख मोडायची आहे. रात्र कशीही गेली तरी पहाटे उठण्याची वेळ तीच ठेवायची. माझी ४:३० ची. पहिले आठ-दहा दिवस डोळे चुरचुरतात आणि दुपारी आडवे व्हावेसे वाटते. त्या दुपारच्या झोपेने रात्रीची कमाई जाते. उठताना तोल जाणाऱ्या वृद्धांनी मात्र अंधारात धडपडू नये, अंथरुणावरच उठून बसावे.

हे सगळे करूनही आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका, घरच्यांना सांगा. हे भक्तीत कमी पडणे नव्हे, तो आजार आहे.

गुरुवारी मी गेलो. बुवा ओट्यावर बसले होते. मी चूक कबूल केली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लागलं होतं महाराज. पोरगा पुढंच बसला होता." हे मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांच्या रात्री मी जे जे संवाद रचले होते, त्यांत तो मुलगा एकदाही आला नव्हता. माझ्या रवंथात मीच मी होतो. बुवांनी चहा दिला. पुढच्या सप्ताहाला साथीला याल का, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. त्यांनी स्वतःच तिथी विचारली.

ते वाक्य अजून येते, माउली. वर्षातून एखाद्या रात्री. मी त्याला ओळखतो, आणि दिवे घाट चढू लागतो.