पस्तीस, तरी नापास!

परवा भाची पेढे घेऊन आली. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागली. बारा वर्षं चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवलं, मग तुकड्या कमी झाल्या आणि हिची नोकरी गेली. नवरा चाकणला कंत्राटी कामावर, घरात दोन मुलं. तेव्हा त्या पेढ्यांची किंमत आम्हालाच ठाऊक!

त्याआधी चार ठिकाणी नकार आला होता. पाचव्या मुलाखतीआधी तिने अर्ज मला दाखवला. मी मराठीची बी.ए., जन्म निबंध तपासण्यात गेला, मला त्यातलं काय कळणार? पण अर्ज म्हणजेही निबंधच की! त्यात लिहिलं होतं, संयम, संवादकौशल्य, वेळेचे नियोजन.

मी म्हटलं, "अगं, हे कुणीही लिहील. तू काय केलंस ते कुठे आहे?"

"मावशी, शाळेतल्या गोष्टींचं त्यांना काय गं?"

"तुझं नवं काम चुका शोधायचं ना? मग शाळेत शोधलेली एखादी चूक सांग."

तेव्हा तिने हा किस्सा सांगितला. शाळेचा निकाल एक्सेलमध्ये तयार होत असे. एका मुलाच्या निकालपत्रात गणितात 35 गुण आणि पुढे 'नापास'! वडील निकालपत्र घेऊन शाळेत आले. सगळे म्हणाले, कॉम्प्युटरची चूक, पेनने सुधारून द्या. हिने मात्र फाईल उघडली. दोन सत्रांचे गुण होते 33 आणि 36, म्हणजे सरासरी साडेचौतीस. रकान्यात दशांश दाखवायचा नाही असं ठरवलेलं, म्हणून डोळ्यांना 35 दिसत होते. पण आतला आकडा 34.5 च होता, आणि सूत्र आतलाच आकडा बघतं:

```
=IF(D7>=35,"पास","नापास")
```

ती तिथे थांबली नाही. पासची रेषा 35 वर आहे, तर गडबड रेषेच्या आसपासच असणार, म्हणून तिने 34, 34.4, 34.5, 35 असे आकडे घालून पाहिले. मग गैरहजर मुलासाठी सरासरीच्या जागी 'गै' लिहून पाहिलं. निकाल आला, 'पास'! कारण एक्सेल अक्षरांना कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं समजतं. परीक्षेला न बसलेलं पोर पास आणि साडेचौतीसवालं नापास!

मी म्हटलं, "हेच लिही." यालाच त्यांच्यात बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात, हे नंतर तिनेच मला शिकवलं. अर्जातून 'संयम' गेला आणि ही चूक तीन भागांत आली: काय केलं (33 आणि 36 भरले), काय अपेक्षित होतं (गुण आणि शेरा जुळायला हवेत), काय झालं (35 दिसतात, शेरा नापास). वाचणाऱ्याला आपल्या कॉम्प्युटरवर तीच चूक पुन्हा घडवून बघता आली पाहिजे. वहीत नुसतं 'चूक' लिहिण्यापेक्षा 'तिसऱ्या पायरीत चिन्ह चुकले' असं लिहिलं की मुलाला कळतं, तसंच हे.

मुलाखतीत तिला विचारलं, "मग सूत्र तुम्हीच दुरुस्त केलंत का?"

ती म्हणाली, "नाही. साडेचौतीस म्हणजे पास की नापास हे आधी मुख्याध्यापकांना विचारलं. तो नियम ठरवणं माझं काम नव्हतं."

तिथून पुढे प्रश्नांचा सूर बदलला म्हणे. खरंच आहे. नियम गोलाकार करायचा ठरला तर सूत्रात ROUND घालायचं, नाही तर रकान्यात दशांश दाखवायचा. दोन्ही दुरुस्त्या बरोबर, पण निकाल उलटे! टेस्टरने मनानेच एक निवडली, तर एका पोराचं वर्ष इकडचं तिकडे व्हायचं.

अर्थात नुसत्या किश्शावर नोकरी मिळाली नाही. सहा महिने ती रात्री एसक्यूएल शिकली. आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा दिली, 40 प्रश्न, 60 मिनिटं, पासला 26 गुण. पगार नवख्याचाच आहे आणि तिचा वरिष्ठ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तो तिला 'मॅडम' म्हणतो, ती त्याला 'सर'.

आणि एक शिक्षकी सवय तिला मोडावी लागली. मुलाला काय म्हणायचं होतं ते ओळखून आपण अर्धा गुण देतो ना? सरावात ती सॉफ्टवेअरलाही तसाच अर्धा गुण देत होती, 'बटण उशिरा चालतं, पण चालतं ना!' म्हणून चूक नोंदवतच नव्हती. आता नोंदवते.

मी मात्र आजही तो अर्धा गुण दिला असता. असो. पेढे छान होते.