सोळाव्या वर्षीचा पहिला मेकअप

मैत्रिणींनो, मुलगी दहावीच्या पुढे गेली की एक दिवस ती हळूच विचारते, "थोडंसं काही लावू का चेहऱ्याला?" माझ्या भाचीने विचारले ते जरा नेमके होते. "मावशी, मेकअप केलाय असं दिसायला नको, पण झोपून उठल्यासारखंही दिसायला नको." अकरावीतली पोर, गव्हाळ रंग, कपाळ व नाक तेलकट, हनुवटीवर दोन मुरुम आणि गालावर जुन्या मुरुमांचे तपकिरी डाग. तिच्यापुरते आम्ही जे ठरवले, ते तुमच्याही लेकीला उपयोगी पडेल.

आमचा मुख्य नियम एकच: सगळा चेहरा झाकायचा नाही. या वयातल्या कातडीला मूळचीच तकाकी असते. तिच्यावर फाउंडेशनचा थर दिला की ती तकाकी जाते आणि मुलगी उगीचच प्रौढ दिसू लागते. म्हणून जिथे गरज आहे तिथेच हात लावायचा.

सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा व टॉवेलने न घासता टिपावा. मग वाटाण्याएवढे हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लावावे. त्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतके, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. हे टाळू नये, कारण मुरुमांचे डाग उन्हानेच अधिक काळवंडतात. मग दहा मिनिटे थांबावे; तेवढ्यात वेणीफणी होते. घाई केली तर वरचे सारे गोळ्या होऊन सुटते.

आता डाग. कन्सीलरची छटा मनगटावर पाहू नका. जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात पाहा. जी दिसेनाशी होते ती आपली. दुकानात हटकून एक छटा उजळ पुढे केली जाते. ती घेतली, तर डाग झाकण्याऐवजी त्याभोवती पांढुरके कडे उठते आणि नजर नेमकी तिथेच जाते. डागावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्यावा, अर्धा मिनिट सुकू द्यावा, आणि मग स्वच्छ अनामिकेने फक्त कडा थोपटून मिसळाव्यात. मधला भाग चोळला की सगळे निघून येते. नंतर पावडर फक्त कपाळ व नाकावर, पफने दाबून लावावी. गाल तसेच मोकळे राहू द्यावेत. टवटवी दिसते ती तिथेच.

रंगासाठी ओठांना आणि गालांना मिळून एकच क्रीमचा टिंट पुरतो. भाचीला फिका गुलाबी हवा होता, पण गव्हाळ रंगावर तो राखाडी दिसला. डाळिंबी छटा मात्र शोभली. हसल्यावर गाल जिथे वर येतो, तिथे दोन बारीक ठिपके देऊन ते कानाकडे थोपटत न्यावेत. भुवया नुसत्या विंचराव्यात. काजळ खालच्या पापणीत घातले तर दुपारपर्यंत ओघळून डोळे थकल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बाहेरच्या अर्ध्या भागात बारीक रेघ ओढावी. पेन्सिल मैत्रिणीला देऊ नये व तिची घेऊ नये. डोळ्यांचा संसर्ग असाच पसरतो.

शेवटी खिडकीशी उभे राहून आरसा हातभर लांब धरावा. आधी डोळे दिसले तर ठीक. आधी गालाचा रंग दिसला, तर ओलसर रुमाल अलगद दाबून तो कमी करावा.

नव्या वस्तू सगळ्या एकदम सुरू करू नका. दोन वस्तूंमध्ये निदान पंधरवडा जाऊ द्या. आग वा खाज सुटली तर ती वस्तू लगेच बंद. काही आठवड्यांनी कपाळावर, गालावर एकसारख्या बारीक पुळ्या उठल्या, तर शेवटी आणलेल्या वस्तूवर संशय घ्यावा आणि तीही थांबवावी. म्हणजे दोषी कोण ते कळते. रात्री कितीही कंटाळा आला तरी चेहरा धुवूनच झोपायचे.

आणि एक गोष्ट बजावून सांगते. खोल, दुखरे, खड्डे पाडणारे मुरुम झाकत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आठ दिवसांत गोरे करतो म्हणून मिळणाऱ्या मलमांत कधीकधी स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ व लाल होते, आणि मलम थांबवताच मुरुम उसळतात. भाचीच्या डब्यात तशी एक ट्यूब निघाली, मैत्रिणीने दिलेली. आठवडाभर लावल्याचे तिने कबूल केले. मी ती फेकून न देता, ट्यूबसकट तिला डॉक्टरांकडे नेले. काय लावले होते हे त्यांना कळायला हवे ना!