आत्याच्या कॉर्डलेसला जीव आला!

कॉर्डलेस फोनच्या हँडसेटचं पाठीमागचं झाकण अंगठ्याने दाबून खाली सरकवा आणि आत बघा. मी रामटेकला आत्याकडे ते पहिल्यांदा उघडलं आणि बघतच राहिले. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात ना, तेवढेच दोन बारीक पेन्सिल सेल! मला वाटायचं, आत कंपनीची काहीतरी खास बॅटरी असणार, ती आता कुठे मिळणार, म्हणजे नवा फोनच घ्यावा लागणार. घरातले सगळेही तेच म्हणत होते. आणि इथे नखाने उचकटून काढता येणारे दोन सेल!

आत्याची तक्रार साधी होती. हँडसेट रात्रभर स्टँडवर ठेवायचा, सकाळी बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं दिसायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत फोन बंद. बोलायला बसलं तर दहा मिनिटांत टूं-टूं सुरू. “पूर्ण भरलेला दाखवते, मंग उतरते काहून बाप्पा?” ती विचारायची. प्रश्न इतका नेमका होता की मला त्याचं उत्तर शोधल्याशिवाय राहवेना.

उत्तर मल्टिमीटरने दिलं, आणि ते बघताना माझ्या अंगावर काटा आला! झाकण उघडं ठेवून, सेल हँडसेटमध्येच असताना, एकेका सेलच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. फोन नुसता हातात होता तेव्हा दोन्ही सेल १.३ व्होल्टच्या वर, एकदम ठणठणीत. मग आत्याने नंबर फिरवला आणि बोलायला लागली. एक सेल १.२ वर येऊन स्थिर झाला. दुसरा डोळ्यांदेखत घसरत घसरत १ व्होल्टच्या खाली गेला आणि त्याच क्षणी टूं-टूं! फोन दोन्ही सेलची बेरीज बघतो. काम नसताना दमलेला सेलही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, म्हणून चित्र भरलेलं दिसतं. बोलताना खरी वीज मागितली की त्याचं पितळ उघडं पडतं. दोघांतला एक जरी गेला तरी फोन गेला, म्हणूनच बदलताना दोन्ही सेल एकदम, एकाच कंपनीचे आणि एकाच क्षमतेचे घ्यायचे. जुना-नवा जोडीला लावला तर जुना आधी रिकामा होतो. मग फोन पुन्हा काही तासांत बंद पडतो.

सेल दमतात का, तेही कळलं. स्टँड त्यांना चोवीस तास थोडी थोडी वीज पाजत राहतो. सेल भरल्यावर आलेली वीज साठत नाही, तिची उष्णता होते आणि सेलच्या आतला ओलावा वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातो. त्यात आत्याचा स्टँड पश्चिमेच्या खिडकीत! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात असतो आणि चाळिशीच्या पुढे हे निकेलचे सेल चार्जही नीट घेत नाहीत. स्टँड आधी आतल्या खोलीत हलवला.

आता सेल कोणते घ्यायचे? जुन्या सेलवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: एनआय-एमएच, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, साइज एएए, १.२ व्होल्ट, ६०० एमएएच. दुकानदाराने मात्र ११००चे सेल समोर ठेवले. “ताई, हेच न्या, दुप्पट चालतील!” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण फोनच्या पुस्तिकेत पहिलं चार्जिंग १६ तास करा असं लिहिलं होतं, आणि त्या एका ओळीने सगळं कोडं सुटलं! असा स्टँड क्षमतेच्या साधारण एक दशांश वीज देतो, म्हणजे ६००च्या सेलला ६० मिलिअँपिअर. १६ तासांत ९६० द्यावे लागतात, कारण बरीचशी वीज वाटेत वाया जाते. त्याच हिशेबाने ११००चा सेल भरायला १७६० लागतील, म्हणजे याच स्टँडवर जवळपास २९ तास! आत्या दिवसातून कितीदा फोन उचलते, तो भरणार कधी? शिवाय जास्त क्षमता कोंबलेल्या सेलमध्ये आतले पडदे पातळ असतात, त्यामुळे ते नुसते ठेवले तरी लवकर उतरतात आणि सततचं चार्जिंग त्यांना कमी मानवतं. मूळचा सेल ६००चा असेल तर ६०० ते ८००च्या मधला घ्यावा, हे माझं ठाम मत झालंय.

त्यातही नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल मिळतात, पाकिटावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं. सान्यो कंपनीने २००५मध्ये एनेलूप नावाने असे सेल आणले, आता इतरही कंपन्या बनवतात. एएए साइजमध्ये त्यांची क्षमता ७५०-८००च्या आसपास असते. आत्याच्या फोनला अगदी हवे तसे! सीताबर्डीच्या बाजारातून जोडी आणली.

त्याच बाजारात कुणी ३००० एमएएच लिहिलेले एएए सेलही विकत होतं. एवढ्याशा नळीत एवढं मावतच नाही, चांगल्यातला चांगला सेलही हजार-अकराशेवर थांबतो. ओळखायची युक्ती वजनात आहे. खरा सेल साधारण १२ ग्रॅमचा भरतो, पोकळ दाव्यांचे सेल बहुधा हलके निघतात. सोनाराच्या काट्यावर लगेच कळेल!

एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते. रिमोटचा साधा किंवा अल्कलाइन सेल याच मापाचा असतो, बसतोही छान, पण स्टँडवर ठेवला की चार्जिंगची वीज त्याच्यात घुसते, आत गॅस होतो आणि तो गळतो, क्वचित फुटतोही. याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, त्यांना तर हातच लावू नये. जुन्या फोनमध्ये वायर आणि प्लग असलेला ३.६ व्होल्टचा पॅक असतो. तिथे नव्या पॅकची लाल-काळी वायर जुन्यासारख्याच बाजूला आहे ना, हे लावण्याआधी बघायचं, सगळ्यांचा प्लग सारखा नसतो.

आत्याच्या फोनमध्ये नवे सेल घातले, पूर्ण १६ तास स्टँडवर ठेवले आणि मग मुद्दाम दिवसभर स्टँडबाहेर ठेवला. आत्याने बहिणीशी, भाचीशी, शेजारणीच्या सुनेशी पोटभर गप्पा मारल्या. रात्री चित्रातली एकच रेघ कमी झाली होती. एकच!

नवे सेल घालूनही फोन उतरत असेल तर संशय स्टँडवर घ्यायचा. त्यावर आणि हँडसेटच्या बुडाशी धातूच्या दोन-दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर काळपट थर बसतो. स्टँडची पिन काढून त्या पेन्सिलच्या खोडरबरने चकचकीत करायच्या आणि कोरड्या फडक्याने पुसायच्या. तरीही नाही जमलं तर तेच सेल बाहेरच्या एएए चार्जरमध्ये भरून हँडसेटमध्ये घालायचे. मग फोन दिवसभर चालला तर सेल चांगले, खराबी चार्जिंगमध्ये आहे, बहुधा स्टँडमध्ये किंवा त्याच्या अडॅप्टरमध्ये.